ताईच्या लग्नाच्या फोटोला कॅप्शन सुचवा ना (कान पिळतानाचा फोटो आहे)

धाकटी_पाती

नमस्कार मंडळी, ताईचं लग्न झालं गेल्या महिन्यात, आमच्याकडे सांगलीलाच, आणि काल फोटोग्राफरने एडिट केलेले फोटो पाठवले. ताईने तिचे स्वतःचे फोटो टाकून झालेत, लाइक कमेंट सगळं झालं, आता माझा नंबर. मला एकच पोस्ट टाकायची आहे इन्स्टावर आणि तीच व्हॉट्सॲप स्टेटसला. पण कॅप्शन सुचत नाहीये, म्हणजे सुचतंय खूप पण वाचलं की स्वतःलाच कसंतरी होतं.

फोटो तीन निवडलेत. पहिला, अंतरपाट धरलाय, मामा बाजूला, ताई हातात हार घेऊन खाली बघतेय आणि मी मागे करवली म्हणून शकुनाचा दिवा घेऊन उभी, पण मी पूर्ण धूसर आलेय. दुसरा कानपिळीचा. आम्हाला भाऊ नाही, लाह्या चुलतभावाने दिल्या पण कान मीच पिळला दाजींचा, आणि बऱ्यापैकी जोरात पिळला कारण फोटोत त्यांचं तोंड वाकडं झालंय आणि ताई मुंडावळ्या एका हाताने धरून पोट दुखेपर्यंत हसतेय. तिसरा पाठवणीचा, त्यात आम्ही दोघी रडतोय, काजळ वगैरे सगळं गालावर.

मी लिहिलेली कॅप्शनं, हसू नका :

क. माझी ताई, माझी बेस्ट फ्रेंड, माझी दुसरी आई. तुझ्या नव्या प्रवासाला खूप खूप शुभेच्छा. लव्ह यू फॉरएव्हर.
ख. अखेर कपाट माझं झालं!!
ग. दाजी, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
घ. चिमणी उडाली भुर्र, अंगण झालं सुनं.

मला असं हवंय की वाचून ताईला आधी हसू यावं आणि मग जरा भरून यावं. किंवा उलट. पण नुसतं रडकं नको आणि नुसता फालतूपणा पण नको. सुचवा प्लीज.

बाप्या_कोल्हापुरी

अभिनंदन ताईचं. घ भारी आहे, तोच टाक. आणि फॉन्ट जरा स्टायलिश कर, त्या साइटवर जाऊन टाइप करायचं आणि कॉपी पेस्ट, वळणदार अक्षर येतं एकदम पत्रिकेसारखं. आणि लक्षात ठेव इन्स्टावर १२५ अक्षरांपेक्षा जास्त लिहिता येत नाही त्यामुळे छोटंच ठेव.

गोदातीर

बाप्या, छोटं ठेव हा सल्ला बरोबर, कारण चुकीचं. लिहिता येतात २२०० अक्षरं. पण साधारण सव्वाशे अक्षरांनंतर मजकूर घडी होतो आणि टिचकी मारली तरच पुढचं दिसतं. फोनवर म्हणजे जेमतेम दीड-दोन ओळी. लोक पुढचं उघडतात ते त्या दीड ओळीत काही सापडलं तरच. त्यामुळे धाकटीने 'माझी ताई माझी बेस्ट फ्रेंड माझी दुसरी आई' अशी सुरुवात केली तर सगळी जागा तिथेच संपली, आणि त्यात या ताईबद्दल काहीच कळलं नाही.

आणि ते वळणदार फॉन्ट देवनागरीत चालत नाहीत. त्या साइटवर जे मिळतं तो फॉन्ट नसतोच, इंग्रजी अक्षरांसारखी दिसणारी वेगळी गणिती चिन्हं असतात ती. मराठीला तशी चिन्हं नाहीत, त्यामुळे मराठी टाकलं की जसंच्या तसं परत येतं.

मी नाशकात लग्नाचे अल्बम डिझाइन करते, दिवसभर लोकांच्या अशा ओळी फोटोंवर बसवत असते, म्हणून जरा आगाऊपणा करते. सगळ्यात आधी फोटो एक ठरव. कॅप्शन फोटोला असतं, लग्नाला नसतं. तीन फोटो टाकलेस तरी ओळ पहिल्या फोटोखाली वाचली जाते. पाठवणीचा फोटो पहिला असेल आणि खाली कपाटाचा विनोद असेल तर वाचणारा गडबडतो, हसायचं का नाही ते कळत नाही त्याला. रडक्या फोटोखाली मी शक्यतो काहीच लिहीत नाही, फार तर तारीख. चेहऱ्यावर सगळं आलेलं असतं.

म्हणजे तुला हसरं-भरून येणारं दोन्ही हवंय तर कानपिळीचा फोटो. त्यात हसू फोटोनेच दिलंय, तुला फक्त दुसरी बाजू लिहायची आहे.

रिकामटेकडा

पत्रिकेसाठी हवं असेल तर खाली छोट्या मुलांच्या नावाने टाकतात तसं टाका, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आमच्या घरी सगळ्या पत्रिकांवर हेच होतं. मजकूर जास्त नको, प्रेषक आणि आपले नम्र यातच अर्धी पत्रिका जाते.

धाकटी_पाती

अहो दादा लग्न झालं ना. पत्रिका वाटून, जेवणं होऊन, मांडववाल्याचे पैसेसुद्धा दिले बाबांनी.

मिरजेची_मैना

थांबा थांबा, रिकामटेकडा यांनी नकळत भारी दिलंय. पत्रिकेत तुझ्या नावाने ते वाक्य होतं का? असेल तर कॅप्शन असं कर :

'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं पत्रिकेत मीच म्हटलं होतं. आलात, जेवलात, आता ताई परत द्या.

धाकटी_पाती

मैना!!! मी ऑफिसात मोठ्याने हसले. होतं वाक्य पत्रिकेत, पण मावसबहिणीच्या दोन पिल्लांच्या नावाने, मी २४ वर्षांची घोडी आहे 😂 माझं नाव वर 'करवली' मध्ये होतं.

मंदारमाला

पोरी, आधी तुझं कौतुक की कान पिळलास. आमच्या वेळी भाऊ नसला की चुलत, मामे, आते कोणीतरी मुलगा शोधून आणायचे आणि त्या बिचाऱ्याला नवरदेव कोण हेही धड माहीत नसायचं. बहिणीने पिळला की कसा हक्काने पिळला जातो.

आता कॅप्शनबद्दल. ग अजिबात नको. माल म्हणायचं बहिणीला? आणि हा विनोद मी इतक्या लग्नांत ऐकला आहे, बँडवाल्यांनासुद्धा पाठ असेल. घ सुद्धा नको. चिमणी, अंगण, माहेर सुनं हे सगळं ऐकायला गोड आहे पण तुझी ताई उडून कुठे गेली गं? कुठे दिलीये?

धाकटी_पाती

काकू, कोल्हापूर 😅 एसटीने तास-दीड तास. रविवारी येऊन आंबोळ्या खाऊन गेली.

मंदारमाला

बघ. मग कसली भुर्र.

जुना_सभासद

कानपिळी हा भावाचा मान असतो. लाह्या भावाने दिल्या तर कानही त्यानेच पिळायला हवा होता. हल्ली फोटोसाठी सगळ्या विधींची चेष्टा चालली आहे.

धाकटी_पाती

गुरुजींनीच हाक मारली मला, म्हणाले धाकटी कुठंय, ये, हे काम तुझं. चुलतभाऊ तर म्हणाला घे बाई तूच घे, मला त्यांची भीती वाटते. दाजी कबड्डी खेळायचे आधी.

जुना_सभासद

गुरुजी म्हणाले असतील तर ठीक आहे. माझं मत मी मांडलं.

घाटी_इन_घाटकोपर

माझा अनुभव सांगतो, उपयोग होईल. माझ्या बायकोच्या लग्नात, म्हणजे आमच्याच, तिच्या बहिणीने फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आता भावोजींना कळेल की हिला चहासुद्धा करता येत नाही. आम्ही सगळे हसलो. माझ्या आईच्या बहिणींनी, एकूण चार मावश्या, तो वाचला आणि त्यानंतर जिथे जाईल तिथे माझ्या बायकोला विचारायला लागल्या, काय गं चहा शिकलीस का. हळदीकुंकवाला, बारशाला, एकदा तर दवाखान्यात. ती चहा उत्तम करते हो. मेव्हणीला अजून वाईट वाटतं त्याचं. तेव्हा विनोद करताना तो कोणावर पडतोय ते बघा.

गोदातीर

हे महत्त्वाचं आहे. नवरीच्या बहिणीचं कॅप्शन सासरचे सगळ्यात बारकाईने वाचतात. आणि नव्या घरात ताईची ओळख अजून व्हायचीय, तेव्हा तिच्या कामावर, वजनावर, झोपेवर, रागावर विनोद केला की तेवढीच ओळख चिकटते. तिथे खोडून काढायला तू नसतेस. विनोद स्वतःवर घे किंवा दाजींवर घे. दाजींवर चालतो कारण कान पिळायला त्या विधीनेच परवानगी दिलीय, आणि फोटोत ते स्वतः हसतायत ना? का खरंच दुखलंय?

कोलॅब पोस्ट करणार असशील तर आणखी जपून, कारण ताईने स्वीकारली की ती पोस्ट तिच्याही प्रोफाइलवर दिसते आणि तिचे सासरचे फॉलोअर म्हणजे अख्खं खानदान.

धाकटी_पाती

हसतायत हसतायत. दुखलंही असेल. कोलॅब करायचा विचार होता खरा, आता दाजींच्या आत्या आठवल्या, त्या प्रत्येक पोस्टवर गुलाबाची फुलं टाकतात.

मग ख? अखेर कपाट माझं झालं?

गोदातीर

ख मध्ये बी आहे पण नुसतं असं हजार बहिणींनी लिहिलंय. तुमच्या कपाटात काय होतं ते सांग. खरंच. कोणता कप्पा कोणाचा, भांडण कशावरून, काय काय घेऊन गेली, काय ठेवून गेली.

धाकटी_पाती

बरं सांगते. लोखंडी कपाट आहे, आईच्या लग्नातलं. मधला मोठा कप्पा आम्हा दोघींचा आणि मी आठवीत असताना ताईने त्यात मधोमध सेलोटेपची रेघ मारली, डावीकडे ती, उजवीकडे मी. माझी ओढणी पलीकडे गेली की ती सरळ कॉटवर फेकायची. सेलोटेप पिवळी पडली, अर्धी निघाली, तिची खूण मात्र राहिली, डिंकाची काळी रेघ असते तशी, धूळ बसून. लग्नाआधी ती तिचे कपडे घेऊन गेली, एक निळा टॉप सोडून, तो मी लपवला होता गादीखाली. आणि आई म्हणते पसर आता कपडे, तर मी पसरले नाहीत. अजून उजवीकडेच कोंबतेय सगळं. मुद्दाम असं नाही, हातच जात नाही तिकडे.

मिरजेची_मैना

ए बाई. मी आता रडू का.

गोदातीर

हेच कॅप्शन आहे. तू आत्ता लिहिलंस ते. भरून येतं म्हणून भरून येतं असं लिहायची गरज नाही, तुझा हात जात नाही एवढं सांगितलं की पुरे. मी फक्त कापाकापी करते :

कपाट आता अख्खं माझं. सेलोटेपच्या पलीकडे अजून काही ठेवलं नाहीये.

पहिलं वाक्य खोडकर, दुसऱ्यात ते फिरतं. आणि ताई सोडून कोणाला सेलोटेप कळणार नाही ही भीती बाळगू नकोस. बाकीच्यांना एवढं कळतं की काहीतरी रेघ होती.

बाप्या_कोल्हापुरी

पण फोटो कानाचा आणि मजकूर कपाटाचा? तुम्हीच म्हणाला ना कॅप्शन फोटोला असतं.

गोदातीर

बरोबर पकडलंस. ही अडचण आहेच. कपाटाची ओळ कानपिळीला बसत नाही. करवलीच्या फोटोला बसेल कदाचित, कारण तिथे ती मागे एकटी उभी आहे.

मिरजेची_मैना

करवलीच्या फोटोला मला हे सुचलं, ती धूसर आलीये म्हणून :

फोकस नेहमीप्रमाणे हिच्यावर. मागची धूसर करवली मी.

धाकटी_पाती

अगं हे किती खरं आहे! शाळेत सर म्हणायचे तू हिची बहीण ना. माझं नावच 'हिची बहीण' होतं. हे पण आवडलं, आता काय करू.

मंदारमाला

मैनेचं छान आहे पण त्यात थोडी खंत लागते बघ. आपल्याला माहीत आहे गंमत आहे, पण ताईने एकटीने रात्री वाचलं तर तिला वाटेल, अरे, हिला इतकी वर्षं असं वाटत होतं का. मुलगी नव्या घरात असते तेव्हा साध्या वाक्याचेही दोन अर्थ लागतात. माझ्या धाकट्या बहिणीने मला पत्रात लिहिलं होतं, आता तुझ्या वाटणीचं दूध मला मिळतं. मी दोन दिवस विचार करत होते की ती खूश आहे की काय.

मिरजेची_मैना

काकू तुम्ही लैच खोल जाता. पण मुद्दा मान्य. दुसऱ्या वाक्यात तिला काहीतरी द्यायला हवं. 'फोकस नेहमीप्रमाणे हिच्यावर, आणि दिवा मी धरलाय.' हे कसं वाटतं?

मंदारमाला

हां. हे झालं. शकुनाचा दिवा करवलीच्या हातात असतो, तो तिच्यावर उजेड पाडायलाच. आता खंत राहिली नाही, उलट धाकटीचा थोडा तोरा आला.

बाप्या_कोल्हापुरी

मला वाटतं उखाणा टाकावा. लग्न म्हटलं की उखाणा पाहिजेच. पण बहिणीला उखाणा घेता येत नाही, तो नवऱ्यासाठीच असतो आणि चार ओळींचा असतो.

मंदारमाला

कोण म्हणतं? नाव घेणं बायको नवऱ्याचं घेते तसं नवरेही बायकोचं घेतातच की. बहिणीने गमतीत घेतलं तर कोण अडवतंय. आणि बहुतेक उखाणे दोनच ओळींचे असतात. पहिली ओळ यमकासाठी, तिचा पुढच्या गोष्टीशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, आणि नाव दुसऱ्या ओळीत येतं. हा घे :

हिरव्या चुड्याला पाटल्यांचा साज,
ताईचं नाव घेते, पाळी माझी आज.

लग्नात सगळे ताईला नाव घे नाव घे म्हणून छळतात ना, तिने दिवसभरात कितीदा घेतलं असेल. आता तिचं नाव कोणीतरी घ्यावं, एवढाच अर्थ. 'ताईचं' च्या जागी तिचं घरातलं नाव घाल, उखाण्यात खरं नाव आल्याशिवाय मजा नाही. वाचताना एक-दोन अक्षरं कमीजास्त झाली तर सांभाळून घे.

धाकटी_पाती

काकू हे मी रिसेप्शनला म्हणायला हवं होतं!! चुड्यात पाटल्या होत्या तिच्या, आजीच्या. हे मी तिच्या वाढदिवसाला वापरणार, इथे नको, इथे कानच पाहिजे मला. कारण तो फोटो बघून ती स्वतः म्हणाली की लग्नातलं माझं एकमेव खरं हसू आहे ते, बाकी सगळं फोटोग्राफरने सांगितलेलं.

मी एक लिहिलंय आत्ता : दाजी, कान सोडला. ताईला सोडलेलं नाही.

मिरजेची_मैना

ओ हो हो. आला गं आला.

घाटी_इन_घाटकोपर

एकच नंबर. लॉक करा.

मंदारमाला

कल्पना फार सुंदर आहे. फक्त लग्नाच्या फोटोखाली 'ताईला सोडलं' हे शब्द एकत्र नकोत गं. नाही लावलेलं आहे, मला कळतं, पण आपल्याकडे बायकोला सोडली म्हणजे काय ते तुला सांगायला नको, आणि दाजींच्या त्या गुलाबाच्या फुलांच्या आत्या पहिल्यांदा नजर टाकतील तेव्हा तेवढंच दिसेल. सोडणं कानाकडेच ठेव.

गोदातीर

काकूंशी सहमत. क्रियापद एकदाच वापर, दुसऱ्या भागात नुसतं 'नाही' पुरतं :

दाजी, कान सोडलाय, ताईवरचा हक्क नाही.

सगळं मिळून पस्तीसेक अक्षरं, घडी व्हायचा प्रश्नच नाही. दाजींना थेट हाक आहे म्हणून खेळकर वाटतं, आणि शेवटी ताई येते. यात ताईबद्दल एक शब्दही वाकडा नाही.

धाकटी_पाती

हेच हेच हेच. अंगावर काटा आला. आणि कपाटाचं काय करू मग, ते पण सोडवत नाहीये.

गोदातीर

दोन पर्याय. एक, पहिली ओळ कानाची, मग एक ओळ रिकामी, मग कपाट. म्हणजे वरवर बघणाऱ्याला विनोद दिसतो आणि जी उघडून वाचेल तिला खालचं. असं :

दाजी, कान सोडलाय, ताईवरचा हक्क नाही.

ताई, कपाट आता अख्खं माझं. सेलोटेपच्या पलीकडे अजून काही ठेवलं नाहीये.

दोन, कपाटाची ओळ सार्वजनिक करूच नकोस. फोटोची प्रिंट काढ आणि मागे पेनाने लिहून ताईला दे.

मिरजेची_मैना

पहिला पर्याय, पण शेवट रडका झाला ना. शेवटी एक टपली हवीच : 'निळा टॉप मात्र परत मिळणार नाही.' म्हणजे तिला हुंदका यायच्या आत राग येईल.

गोदातीर

मला नाही पटत. टॉप आला की कपाट हलकं होतं. दोन वाक्यांत जे जमलंय ते तिसऱ्याने पुसलं जातं. अल्बममध्ये मी हेच बघते, लोक चांगली ओळ देतात आणि मग भीती वाटते म्हणून मागून एक गंमत चिकटवतात.

मिरजेची_मैना

अहो पण बहिणी तशाच असतात! रडवलं की लगेच चिमटा काढायचा. नुसतं रडवून पळून गेली तर ती धाकटी कसली. आणि मूळ प्रश्न वाचा, 'नुसता फालतूपणा पण नको' असं आहे, फालतूपणाच नको असं नाही.

घाटी_इन_घाटकोपर

मी मैनेच्या बाजूने. टॉप ठेवा. टॉपने कोणत्या मावशीला काही बोलता येणार नाही.

मंदारमाला

मी तटस्थ. पण गादीखाली लपवलेला टॉप चुरगळला असेल, तो इस्त्री कर आधी.

बाप्या_कोल्हापुरी

अल्बमवर पण हेच छापून घे की, डिझाइनवालीला पाठव.

गोदातीर

अल्बमला कानाची ओळ छान जाईल, पण सांभाळून. १२ बाय ३६ इंची पानाला मधोमध घडी असते, ओळ त्या घडीवर आली तर 'हक्क' चा एक क इकडे आणि एक तिकडे. मजकूर एका बाजूला घ्यायला सांग आणि कडेपासून आत, कारण कडा छाटल्या जातात. आणि बऱ्याच ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात, तिथे तू पाठवलेला मजकूर पेस्ट केला की कचरा दिसतो, मग तो मुलगा घाईघाईत हाताने परत टाइप करतो. आशीर्वादचं 'आर्शिवाद' तिथेच होतं. छापायच्या आधी पानाचा फोटो मागव आणि जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकेक बघ. इन्स्टावरचं कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, अल्बममधलं नातवंडं वाचतात.

आणि इन्स्टासाठी एक, फोटो आडवा आहे ना? प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये तो उभा कापून दिसतो. कापल्यावर तुझा हात आणि दाजींचा कान दिसतोय का ते बघ. कान दिसला नाही तर ओळ कोणाला कळायची.

धाकटी_पाती

बघितलं आत्ताच, ग्रिडमध्ये दाजी अर्धे आणि ताई पूर्ण येत होती (नेहमीप्रमाणे हिच्यावर 😄), तर मी उभा कापून घेतला, गुरुजींचं डोकं गेलं पण कान आहे, माझा हात आहे, ताईचं हसू आहे.

आता ठरलेलं सांगते. पोस्टला फक्त कानाची ओळ. कपाट मी प्रिंटच्या मागे लिहिणार, टॉपसकट. मैना तू जिंकलीस तिथे, सॉरी गोदातीर ताई, ते तिच्या एकटीसाठी आहे म्हणून चालतंय. करवलीचा फोटो दुसरा ठेवलाय, दिव्याची ओळ स्टेटसला टाकणार. पाठवणीचा टाकतच नाहीये.

टाकायच्या आधी ताईला कानाचा ड्राफ्ट पाठवला, तिला आधी विचारावं म्हणून. तिचा रिप्लाय : 'चांगलंय. हे विचारतायत की पाकिटात दिलेले पाचशे एक कमी पडले का.' आणि खाली लगेच दुसरा मेसेज, 'माझा निळा टॉप तुझ्याकडे आहे का खरं सांग.'

मिरजेची_मैना

नाही म्हणून सांग. प्रिंट मिळेपर्यंत तरी.

जुना_सभासद

कानपिळीला पाचशे एक म्हणजे कमीच. आमच्या जावयाने घड्याळ दिलं होतं. पोस्टवर ते लिहायला हरकत नव्हती.

गोदातीर

कॅप्शनच्या शेवटी पूर्णविराम ठेव हां, उद्गारचिन्हं लावू नकोस. तीन लावली की ओरडल्यासारखं होतं.

धाकटी_पाती

एक लावलं तर?

गोदातीर

एकही नको.

पाव्हणी_पंढरपूरची

मस्त धागा. माझ्या भावाचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात, मी वरमाईच्या बाजूची करवली, वहिनी मला अजून नीट ओळखत पण नाही. मला पण असंच हसरं-रडकं काहीतरी हवंय, फोटो अजून काढलेले नाहीत.

मिरजेची_मैना

फोटो येऊ द्या, मग नवीन धागा काढा. आणि वहिनीच्या चहावर काही लिहू नका.